फिरतंय म्हणजे ओढतंय असं नाही: वाळूजच्या एका शेडचं प्रकरण

वाळूज एमआयडीसीतल्या एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यातून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. मालकांचं म्हणणं थोडक्यात असं: मागच्या उन्हाळ्यात छतावर वाऱ्याने फिरून आतली हवा बाहेर काढणारे बारा टर्बो व्हेंटिलेटर बसवले, सगळे छान फिरतात, पण आतली उकाड्याची तक्रार होती तशीच आहे. आता आणखी आठ बसवायचे आहेत, तर ते कुठे बसवायचे तेवढं येऊन सांगा.

शेड साधी. तीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद. वळचणीला उंची सहा मीटर, आढ्याला साडेसात. छताला आणि वरच्या भिंतींना ट्रॅपेझॉइडल पत्रा, खाली तीन मीटरपर्यंत विटांची भिंत. आत सहा इंजेक्शन मोल्डिंग मशिनं आणि कोपऱ्यात कॉम्प्रेसर. दोन्ही टोकांच्या भिंतींत, पाच मीटर उंचीवर, एकेक विजेचा एक्झॉस्ट पंखा. बारा टर्बो आढ्यापासून साधारण दोन फूट खाली, एकाच उतारावर ओळीने लावलेले. सगळे चोवीस इंची, म्हणजे गळ्याचा व्यास ६०० मिलिमीटर.

आत शिरलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. बाहेर ३४ अंश होते, मशिनपाशी उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला साडेएकोणचाळीस. मशिनवर चढून हॉपरमध्ये प्लास्टिकचा दाणा टाकतात तिथे ४३, आणि पत्र्याच्या खाली, टर्बोच्या तोंडाशी, ५०. मेंटेनन्सचे मामा म्हणाले, "साहेब, खाली बरंय. दाणा टाकायला वर चढलं की कानशिलं तापतात. पोरं टाळाटाळ करतात, मग मीच चढतो." तक्रार नेमकी कुठली आहे हे मालकांपेक्षा मामांना जास्त ठाऊक होतं.

आधी बारा हा आकडा कुठून आला ते पाहिलं. विकणाऱ्याने शेडचं घनफळ काढलं होतं, सुमारे ३,०४० घनमीटर. तासाला बारा वेळा हवा बदलायची म्हणून त्याला बाराने गुणलं, ३६,५०० झाले. कॅटलॉगमध्ये एक टर्बो तासाला सुमारे ३,००० घनमीटर हवा काढतो असं लिहिलेलं, म्हणून बारा नग. हिशोबात चूक नाही. पण कॅटलॉगचा तो आकडा ताशी पंधरा किलोमीटर वाऱ्याचा होता आणि बारीक अक्षरात तसं छापलेलंही होतं. ऑक्टोबरच्या दुपारी वाळूजला इतका वारा क्वचितच असतो. पावसाळा सरलेला असतो आणि वारा पडलेला, म्हणून तर तो उकाडा जीव नकोसा करतो. शिवाय त्या आकड्यामागे एक गृहीत असतं, ते कुठल्याच कॅटलॉगमध्ये ठळक छापत नाहीत: खालून हवी तेवढी हवा आत येते आहे.

इथे ती येत नव्हती. दहा खिडक्यांपैकी आठ बंद होत्या. काही दाण्याच्या गोण्यांच्या थप्पीमागे गेलेल्या, बाकीच्यांना आतून प्लास्टिक ठोकलेलं. कारण विचारलं तर मालकांनी पांढरा डबा हातात दिला. "यावर धुळीचा एक ठिपका दिसला तरी माल परत येतो. खिडक्या उघड्या कशा ठेवू?" कारण खरं होतं. शटर फक्त गाडी लागली की उघडायचं. मग मी टेप घेऊन शेडला फेरी मारली आणि खालच्या बाजूला जिथून म्हणून हवा आत येऊ शकते त्या सगळ्या फटी मोजल्या: दोन अर्धवट उघड्या खिडक्या, शटरखालची फट, एक मागचं दार. बेरीज जेमतेम ०.९ चौरस मीटर भरली. वर बारा टर्बोंच्या गळ्यांचं क्षेत्रफळ होतं ३.४ चौरस मीटर.

सगळं प्रकरण या दोन आकड्यांत आहे. विजेशिवाय गरम हवा वर जाते ती हलकी झालेली असते म्हणून. पण ती बाहेर पडायची तर तेवढीच गार हवा खालून आत आली पाहिजे. खालची वाट आणि वरची वाट एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे दोन्हींत जी अरुंद तिचंच राज्य चालतं. गणिताने दोन्ही मिळून एक परिणामी क्षेत्रफळ काढता येतं:

A = A₁ × A₂ ÷ √(A₁² + A₂²)

खाली ०.९ आणि वर ३.४ असताना हे उत्तर ०.८७ येतं. मालकांच्या बेतानुसार आणखी आठ टर्बो बसवले की वरचं क्षेत्रफळ ५.६५ होणार, आणि उत्तर ०.८९. आठ टर्बो, त्यांचे बेस, क्रेनचं भाडं, पत्र्याला आठ नवी भोकं, आणि फायदा दोन टक्के. हे मी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा मालक थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "पण साहेब, ते फिरतात तर सगळे!"

फिरत होते हे खरं. म्हणून दुसऱ्या दिवशी चाकांची परांची मागवली आणि प्रत्येक टर्बोच्या गळ्यातल्या जाळीला लाल लोकरीचा वीतभर दोरा बांधला. एवढंच उपकरण. खाली उतरून मान वर करून बघायचं. हवा वर जात असेल तर दोरा जाळीतून वर उचलला जातो, खाली येत असेल तर शेडमध्ये लोंबून फडफडतो. बारापैकी पाच दोरे खाली फडफडत होते. हे पाचही टर्बो वर झोकात फिरत होते. दोन्ही टोकांच्या पंख्यांजवळचे होते ते.

पंख्यांना हवा हवी होती. खालून वाट नव्हती, मग त्यांनी जवळच्या मोठ्या भोकातून, म्हणजे टर्बोतून, बाहेरची हवा ओढून घेतली. तीच हवा पत्र्याखालून चार मीटर जाऊन पंख्यातून परत बाहेर. माणसं काम करतात त्या हवेला हात लागलाच नाही. टर्बोची पाती बाहेरच्या वाऱ्याने फिरतात, आणि आतली हवा उलटी येत असली तरी त्यांना त्याची पर्वा नसते. त्यामुळे रस्त्यावरून बघून छत काम करतंय की नाही हे कळत नाही. पंखे बंद करायला सांगितले. दोनेक मिनिटांत पाचही दोरे हळूहळू वर उचलले गेले, पण मरगळल्यासारखे. मागचं दार किलकिलं केलं तर फटीतून आत येणाऱ्या हवेची शिट्टी वाजली. दार पूर्ण उघडलं आणि दोरे ताठ झाले. मालकांना माझ्या सूत्रापेक्षा त्या शिट्टीने जास्त पटलं असावं.

मग काम ठरलं. आठ टर्बो रद्द. पंखे बंद, आणि त्यांची भोकं पत्र्याने झाकायची, कारण पंखा थांबला तरी भोक राहतंच. खाली सात चौरस मीटर निव्वळ वाट करायची. इथे एक हिशोब लोक हमखास चुकतात. लूव्हर म्हणजे तिरप्या पात्यांचा झरोका, आणि त्याच्या चौकटीचं माप म्हणजे हवेची वाट नव्हे. पात्यांची जाडी, त्यांचा तिरपा कोन आणि मागची जाळी धरली की साधारण निम्मंच उरतं. म्हणून चौदा चौरस मीटर लूव्हर लावले, जमिनीपासून अर्ध्या मीटरवर सुरू होणारे. अगदी जमिनीलगत लावले असते तर अंगणातली धूळ सरळ आत आली असती. बाजू निवडताना वाऱ्यापेक्षा धुळीचा विचार केला: रस्त्याकडची भिंत सोडून दिली आणि मागचं काँक्रीटचं अंगण घेतलं. बारीक फिल्टर लावायचा आग्रह झाला, तो मी मोडून काढला. उष्णतेने तयार होणारा दाब इतका किरकोळ असतो की फिल्टरचा अडथळा त्याला पेलत नाही. पंखा फिल्टरमधून हवा खेचू शकतो, हलकी झालेली हवा नाही. त्याऐवजी अंगण रोज सकाळी धुवायचं ठरलं आणि पॅकिंगचं टेबल लूव्हरपासून लांबच्या भिंतीला नेलं.

नोव्हेंबर लागायच्या आत लूव्हर बसले. तोपर्यंत ऊन तसंच होतं, बाहेर ३४ अंशांचा एक दिवस मुद्दाम धरून पुन्हा मोजलं. डोक्याच्या उंचीला साडेछत्तीस, हॉपरपाशी ३९, पत्र्याखाली ४४. वरची हवा बाहेरच्यापेक्षा सोळा अंशांनी जास्त होती, ती आता दहा अंशांवर आली. छतावर एक पैसा खर्च झालेला नव्हता.

हा फरक खरा आहे की त्या दिवशी वारा बरा होता म्हणून, हे तपासायला दुसऱ्या बाजूने हिशोब केला. विजेचं मीटर आणि कूलिंग टॉवरचं पाणी बघून अंदाज काढला होता की मशिनं आणि कॉम्प्रेसर मिळून साधारण ४५ किलोवॉट उष्णता शेडच्या हवेत सोडतात. एक घनमीटर हवा एका अंशाने तापायला सुमारे १.१ किलोजूल लागतात. म्हणजे दहा अंशांच्या फरकाने ४५ किलोवॉट बाहेर न्यायचे तर सेकंदाला चार घनमीटर हवा गेली पाहिजे. लूव्हरपाशी वाऱ्याचा वेग मोजला, सरासरी सेकंदाला ०.५५ ते ०.६ मीटर आला. निव्वळ वाट सात चौरस मीटर. गुणाकार चारच्या आसपासच. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं की मग मला झोप लागते. यावरून एका टर्बोच्या वाट्याला तासाला सुमारे १,२०० घनमीटर आले, कॅटलॉगच्या ३,००० समोर. वारा पडलेला असताना हाच आकडा धरून चालावं, असं माझं मत.

खाली सात चौरस मीटर झाल्यावर अरुंद वाट आता वरची होती. म्हणजे छतात पैसा घालायची वेळ आता आली. मालकांना तरीही टर्बोच हवे होते, फिरताना दिसतात म्हणून. मी रिज व्हेंटचा आग्रह धरला. आढ्याची टोपी काढून तिथे लांबसडक फट ठेवायची आणि तिच्यावर उंच उचललेली नवी टोपी बसवायची. फिरणारं काही नाही, बेअरिंग नाही. हवा जिथे सगळ्यात गरम आणि सगळ्यात वर असते तिथेच भोक. मामांनी नकाशा बघितला आणि म्हणाले, "हे तर आमच्या माळवदाचं सानं. फक्त लांब केलंय."

या शेडच्या आढ्याला दोन्ही उतारांचे शेवटचे पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर टेकतो ते आडवे लोखंडी वासे, मधल्या रेषेपासून पंचवीस सेंटिमीटरवर होते. त्यामुळे दोन्हीकडचा पत्रा मागे कापून तीस सेंटिमीटरची फट ठेवली तरी पत्र्याचं टोक पर्लिनच्या पुढे दहा सेंटिमीटर राहत होतं, लोखंडाला हात लावायची गरज नव्हती. लांबी चोवीस मीटर घेतली, दोन्ही टोकांना तीन-तीन मीटर बंद ठेवून. फटीचं क्षेत्रफळ ७.२ चौरस मीटर. टोपी किती उचलायची हा कळीचा प्रश्न असतो. फट तीस सेंटिमीटरची आणि हवा दोन बाजूंना बाहेर पडणार, म्हणजे प्रत्येक बाजूला किमान पंधरा सेंटिमीटर मोकळी उंची हवी. फॅब्रिकेटरने पावसाच्या भीतीने आठ सेंटिमीटरची आणली होती. ती तशीच लावली असती तर खालची रुंद फट कापून उपयोग काय? टोपी अठरा सेंटिमीटरवर उचलली, आणि पावसासाठी दोन्ही बाजूंना फटीबाहेर उभ्या पट्ट्या लावल्या. या पट्ट्यांचं दुसरंही काम असतं. वारा कुठल्याही बाजूने आला तरी तो पट्टीवर आपटून वर उडतो आणि फटीच्या तोंडाशी दाब कमी राहतो. पट्टी नसेल तर वाऱ्याकडच्या बाजूने हवा सरळ आत घुसते.

याच कामात एक जुनं दुखणं निघालं. चार नंबरच्या मशिनवर पावसाळ्यात ठिबकत असे, तेही पॅनेलपाशी. वर गेल्यावर कारण दिसलं. टर्बोच्या बेसची वरची कड पत्र्यावर नुसती ठेवून सिलिकॉनने चिकटवली होती. उतारावरून येणारं पाणी त्या कडेला तुंबायचं, आणि उन्हाने तडकलेल्या सिलिकॉनमधून आत शिरायचं. बेसची खालची कड पत्र्यावर असावी, पण वरची कड वरच्या पत्र्याच्या खाली गेली पाहिजे, कौलावर कौल चढतं तशी. आढं उघडलेलंच होतं, म्हणून प्रत्येक बेसपासून वर आढ्यापर्यंत सपाट पत्र्याची पट्टी नेली आणि तिचं टोक नव्या टोपीच्या खाली घातलं. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावरच मारले. खोलगट भागात मारलेला प्रत्येक स्क्रू कधी ना कधी गळतो.

खालची वाटही वाढवून दहा चौरस मीटर केली. मार्चअखेर, पुन्हा बाहेर बरोबर ३४ अंश असलेला दिवस गाठून मोजलं: डोक्याच्या उंचीला साडेपस्तीस, हॉपरपाशी ३७, आढ्याखाली ४०. फरक दहावरून सहा अंशांवर. इथे मालकांचा थोडा हिरमोड झाला. परिणामी क्षेत्रफळ तीनवरून सात झालं, दुपटीहून जास्त, मग फरक निम्म्याच्या खाली का नाही आला? कारण हवा ढकलणारी शक्ती हा तापमानातला फरकच आहे. फरक कमी केला की ढकलणंही कमी होतं. म्हणून वाट दुप्पट केली की फरक निम्मा होत नाही, पहिल्याच्या साधारण ६३ टक्क्यांवर येतो. पुन्हा दुप्पट केली तर त्याच्या ६३ टक्के. एका टप्प्यानंतर छत कापत बसणं परवडत नाही, आणि सहा अंशांवर आम्ही थांबलो.

मे महिन्यात बाहेर ४१ अंश असताना फोन आला की पोरं पुन्हा कुरकुर करतायत. गेलो. थर्मामीटर डोक्याच्या उंचीला साडेबेचाळीस दाखवत होता. बाहेरच्यापेक्षा दीड अंश जास्त, म्हणजे वायुवीजनाने करायचं ते काम केलेलं होतं. बाहेरच्या हवेपेक्षा गार हवा कुठलाही टर्बो आणू शकत नाही. पण डोक्यावरची टोपी काढून मशिनपाशी उभा राहिलो तर टाळू भाजत होती. इन्फ्रारेड थर्मामीटर वर धरला: पत्र्याची खालची बाजू ६१ अंश. ही उष्णता हवेतून येत नव्हती, पत्रा निखाऱ्यासारखा सरळ अंगावर फेकत होता. हवा कितीही बदलली तरी ती वाटेत अडत नाही. ऑक्टोबरात हे लक्षात यायला हवं होतं. तेव्हाही पत्रा तापलेलाच होता, पण मी हवेच्या मागे इतका होतो की पत्र्यावर थर्मामीटर धरलाच नाही. छत धुऊन वरून पांढरा परावर्तक रंग दोन हात मारला, आणि तशाच उन्हात पत्रा ४७ वर आला. नव्याने कोणी विचारलं तर मी आता हा क्रम उलटा सांगतो: खालची वाट, मग रंग, आणि छताला भोक शेवटी.

एक बिघाड आमच्या कामामुळेही झाला, तो सांगायला हवा. डिसेंबरात पहाटेच्या पाळीला तीन नंबरच्या मशिनचं नोझल गोठू लागलं. सुरुवातीचे वीस-पंचवीस डबे अर्धवट भरलेले निघायचे. ऑपरेटरने हीटरचं तापमान वाढवून पाहिलं, हीटरची पट्टी बदलली, तरी तेच. लूव्हर त्या मशिनच्या नोझलच्या बरोबर समोर होता आणि बारा अंशांची हवा थेट तिथे लागत होती. मशिन आणि लूव्हरच्या मध्ये पत्र्याचा आडोसा उभा केला, आणि थंडीत निम्मे लूव्हर आतून बंद करता येतील अशा सरकत्या झडपा लावल्या. मार्चमध्ये त्या उघडायची जबाबदारी कोणाची, हे भिंतीवर लिहून ठेवलंय. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा टेप घेऊन फेरी मारत बसेन.

लाल दोरे आम्ही काढले नाहीत. मामा दाणा टाकायला वर चढले की मान वर करून बघतात. जूनच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला, सात नंबरचा दोरा हलत नाही म्हणून. वर चढून पाहिलं तर वरचं बेअरिंग धुळीने जाम झालेलं, आणि थांबलेल्या पात्यांच्या आत चिमणीने गवताचं घरटं बांधलेलं. पिल्लं होती. ती उडेपर्यंत तीन आठवडे सात नंबर तसाच ठेवला, मग बेअरिंग बदललं.